एस, आय, आर : लघवी कल्चरच्या रिपोर्टवरची टिपणे

रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर थेट औषधांच्या यादीवर जाते. यादीच्या वर दोन ओळी असतात, त्या आधी वाचायला हव्यात. एकीत जंतूचे नाव असते, दुसरीत त्याची संख्या. या दोन ओळी लटक्या असतील तर खालच्या यादीला काही अर्थ उरत नाही.

संख्या कशी काढतात ते सांगते. आमच्या प्रयोगशाळेत एक बारीक तारेचे कडे असते, त्याला लूप म्हणतात. त्यात एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी मावते. ती प्लेटवर पसरायची, प्लेट ३५ ते ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची आणि सकाळी किती ठिपके उगवले ते मोजायचे. शंभर ठिपके, म्हणजे कॉलनी, आल्या तर गुणिले हजार : एका मिलिलिटरला एक लाख जंतू. हा एक लाखाचा आकडा १९५०च्या दशकात बोस्टनच्या एडवर्ड कास यांच्या कामातून रूढ झाला. त्यांना लघवीत खरोखर वाढणारे जंतू आणि डबीत शिरताना बाहेरून मिसळलेले जंतू वेगळे ओळखायचे होते. पण ती लक्ष्मणरेषा नव्हे. जळजळ होत असलेल्या बाईच्या लघवीत एकटा ई. कोलाय मिलिलिटरला हजारच निघाला, तरी तो आजार असू शकतो. उलट कसलाही त्रास नसताना तीन-चार प्रकारचे जंतू एकदम उगवले, तर ती बहुधा सॅम्पल घेतानाची भेसळ असते. अशा वेळी चांगली प्रयोगशाळा ‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्यावा’ असे लिहून थांबते, औषधांची यादी देतच नाही. लोकांना वाटते पैसे वाया गेले. माझ्या मते तो प्रामाणिक रिपोर्ट असतो.

*

डबी घरून आणतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते : किती वाजता घेतली? ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे ५१२ पट. बाहेरच्या त्वचेवरून दोनशे जंतू मिसळले असतील तर या हिशेबाने तीन तासांत ते लाखावर जातात. लघवीत ते दर वेळी इतक्या वेगाने वाढतील असे नाही, पण मे महिन्यात एस.टी.च्या खिडकीशी ठेवलेल्या डबीची हमी कोण देणार? तासा-दोन तासांत पोचवता येत नसेल, तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी. तिथे वाढ थांबते आणि चोवीस तासांपर्यंत नमुना चालतो.

दुसरा प्रश्न : गोळ्या सुरू केल्यात का? दोन गोळ्या पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यात काहीच उगवले नाही, तर त्यावरून जंतू नव्हता असे म्हणता येत नाही. पस सेल्स भरपूर आणि कल्चर मात्र कोरे, असा जोड दिसला की मी हे विचारतेच. गोळ्या घेतलेल्या नसतील आणि हा जोड पुन्हा पुन्हा येत असेल, तर मूत्रपिंडाच्या क्षयरोगाचा विचार करावा लागतो. साध्या कल्चरमध्ये तो जंतू उगवत नाही.

*

जुन्या पद्धतीची प्लेट एकदा तरी सगळ्यांना दाखवावी असे वाटते. फिक्या पिवळसर जेलीवर कापसाच्या बोळ्याने जंतू तीन दिशांनी सारखे फासलेले असतात. त्यावर सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतात. चकतीवर औषधाचे लघुनाव आणि मायक्रोग्रॅममधली मात्रा छापलेली असते. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्लेटवर दुधट साय धरलेली असते आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळे पडलेली असतात. औषध जेलीत झिरपत गेले आणि जिथवर त्याचा जोर पुरला तिथवर जंतू वाढू शकला नाही. प्लेट पालथी धरून हे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. ही बाउर आणि कर्बी यांची पद्धत, १९६६ सालची, आणि आजही महाराष्ट्रातल्या असंख्य प्रयोगशाळा तिच्यावर चालतात.

प्लेट पाहणारा माणूस सहजच मोठ्या वर्तुळाचे औषध जोरदार समजतो. तसे नसते. नायट्रोफ्युरँटॉइनचे वर्तुळ १८ मिलिमीटर आले तर आम्ही ‘एस’ लिहितो, म्हणजे सेन्सिटिव्ह. सिप्रोफ्लोक्सॅसिनचे २१ आले तर ‘आर’ लिहितो, रेझिस्टंट. वर्तुळ मोठे असूनही आर. एक तर चकतीतली मात्रा वेगळी, तिथे ३०० मायक्रोग्रॅम आणि इथे ५. शिवाय प्रत्येक औषध जेलीत वेगळ्या वेगाने पसरते आणि माणसाच्या अंगात वेगळ्या प्रमाणात पोचते. म्हणून प्रत्येकाची उत्तीर्ण होण्याची रेषा स्वतंत्र ठरवलेली असते. आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळा अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेचे कोष्टक वापरतात. ते कोष्टक दर वर्षी नव्याने निघते आणि रेषा कधीकधी सरकतात. सिप्रोफ्लोक्सॅसिनची रेषा २०१९मध्ये बरीच कडक झाली. जुने कोष्टक वापरणारी प्रयोगशाळा तोच जंतू एस म्हणून देईल आणि नवे वापरणारी आर म्हणून.

*

आता यंत्रांचे रिपोर्ट येतात. त्यांत मिलिमीटरऐवजी ‘एमआयसी’ असतो : जंतूची वाढ रोखायला एका मिलिलिटरमध्ये कमीत कमी किती मायक्रोग्रॅम औषध लागले तो आकडा. याच आकड्याने सर्वांत जास्त घोटाळा होतो.

एका बाईंचा रिपोर्ट घेऊन त्यांच्या मुलाने फोन केला होता. बाईंचे वय अठ्ठावन्न, मधुमेह, तीन दिवस उन्हाळी लागल्यासारखी जळजळ, सारखे लघवीला जावे लागणे, ओटीपोटात कळ. ताप नाही, कुशीत दुखणे नाही. क्रिएटिनिन ०.९. लघवीत ई. कोलाय, एक लाखापेक्षा जास्त.

“मॅडम, मेरोपेनेमचा आकडा सगळ्यांत कमी आहे, ०.२५. नायट्रोफ्युरँटॉइनचा १६ आहे. म्हणजे मेरोपेनेम चौसष्ट पट चांगलं झालं ना? आईला तेच द्यायला सांगू का डॉक्टरांना?”

“अहो, हे आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात. प्रत्येक आकडा त्याच्या स्वतःच्या रेषेशी ताडायचा.”

मेरोपेनेमची रेषा १. नायट्रोफ्युरँटॉइनची रेषा ३२. सिप्रोफ्लोक्सॅसिनची रेषा ०.२५, त्यामुळे सिप्रोचा आकडा १ आला तरी तो आर. नायट्रोफ्युरँटॉइनला ३२ची मुभा का, तर ते पोटात घेतले की मूत्रपिंडे ते झपाट्याने लघवीत टाकतात आणि मूत्राशयात त्याचा साठा रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतो. तिथे १६ म्हणजे काहीच नाही.

त्या रिपोर्टवर १६च्या आधी एक खूण होती, ती मुलाच्या नजरेतून सुटली : ≤ १६. यंत्राच्या कार्डावर छोट्या छोट्या ६४ खाचा असतात, त्यांत वेगवेगळ्या औषधांच्या ठरावीक मात्रा भरलेल्या असतात. नायट्रोफ्युरँटॉइनची सर्वांत कमी मात्रा १६चीच होती आणि तिथेही जंतू वाढला नाही, एवढेच यंत्र सांगते. खरा आकडा दोन असेल, चार असेल. मेरोपेनेमच्या ०.२५च्या आधीही तीच खूण होती. म्हणजे चौसष्ट पटींचा तो हिशेब कार्ड बनवणाऱ्याने खाचा कुठून सुरू केल्या याचा होता, जंतूचा नव्हताच.

त्या बाईंना त्यांच्या डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन दिले, शंभर मिलिग्रॅमची दीर्घ परिणामाची गोळी, सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत, पाच दिवस. घरी बसून तोंडाने घ्यायचे औषध. मेरोपेनेम शिरेतून द्यावे लागते, दिवसातून तीनदा. रुग्णालयात गंभीर जंतुसंसर्गाने पडलेल्या माणसासाठी जे राखून ठेवायचे, ते मूत्राशयाच्या जळजळीवर खर्च करायचे काही कारण नव्हते.

*

समजा, हाच रिपोर्ट, अक्षर न अक्षर तोच, दुसऱ्या एका बाईंचा आहे. त्यांना हुडहुडी भरून ताप येतो, उजव्या कुशीत बोट लावू देत नाहीत, दोनदा उलटी झाली. नायट्रोफ्युरँटॉइन पुढे एसच आहे. पण इथे ते देऊन चालणार नाही. जंतू मूत्रपिंडाच्या मांसल भागात शिरला आहे, कदाचित रक्तातही, आणि हे औषध रक्तात आणि ऊतींत पुरेसे पोचतच नाही. मूत्राशयातली लघवी स्वच्छ होईल आणि वर मूत्रपिंड पेटलेलेच राहील. प्लेटला जंतू कुठे बसला आहे हे माहीत नसते. जेलीवर फासलेल्या जंतूला ती तपासते आणि तेवढ्याचेच उत्तर देते.

फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची पुडी, पाण्यात ढवळून एकदाच घ्यायची, तिचेही तसेच : साध्या मूत्राशयाच्या त्रासापुरती. पुरुषांच्या बाबतीत नायट्रोफ्युरँटॉइनला आणखी एक अडचण आहे. त्यांचा जंतू पुष्कळदा प्रोस्टेट ग्रंथीत दडलेला असतो आणि तिथे ते पोचत नाही. आणि ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत त्यांच्या लघवीत औषध पुरेसे उतरत नाही, उलट अंगात साचून मज्जातंतूंना इजा करू शकते. म्हणून एस वाचल्यावर रुग्णाचा क्रिएटिनिन विचारला पाहिजे. अमिकासिनच्या एसपुढे तर नक्कीच. ते इंजेक्शन मूत्रपिंडाला आणि कानांना त्रास देऊ शकते.

*

रिपोर्टच्या तळाशी कधी एक ओळ असते : ‘ईएसबीएल उत्पादक’. या जंतूकडे एक विकर असते, ते पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन घराण्याची बहुतेक औषधे फोडून टाकते. सेफ्ट्रियाक्झोन, सेफोटॅक्झिम, सेफ्युरोक्झिम ओळीने आर. वर सांगितलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंचा जंतू असाच होता. घरच्यांनी ती ओळ वाचून धसका घेतला होता. खरे तर जंतू ईएसबीएल असल्याने आजार आपोआप जास्त भयंकर होत नाही. जंतूला जेवढी जळजळ करायची तेवढीच तो करतो, फक्त आपल्या हातातली औषधे कमी होतात.

या रिपोर्टांत एक जागा मात्र फसवी आहे. पिपरासिलिन-टाझोबॅक्टमपुढे पुष्कळदा एस येतो. मूत्राशयापुरता आजार असेल तर त्याने काम भागते. पण २०१८मध्ये ‘मेरिनो’ नावाच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. सेफ्ट्रियाक्झोनला न जुमानणारे, पण पिपरासिलिन-टाझोबॅक्टमला प्लेटवर एस असलेले ई. कोलाय आणि क्लेब्सिएला ज्यांच्या रक्तात सापडले, अशा रुग्णांची ती तुलना होती. तीस दिवसांत पिपरासिलिन-टाझोबॅक्टम घेतलेल्यांपैकी १२.३ टक्के दगावले, मेरोपेनेम घेतलेल्यांपैकी ३.७ टक्के. कुशीतल्या दुखण्याने आणि रक्तदाब उतरून रुग्णालयात आलेल्या माणसाच्या रिपोर्टातला हा एस म्हणूनच मी फोन करून डॉक्टरांशी बोलून घेते.

*

आर दिसला की लोक स्वतःला दोष देतात : “फार गोळ्या खाल्ल्या हो मी.” कधी ते खरे असते. पण काही आर जन्मजात असतात. प्रोटिअस हा जंतू नायट्रोफ्युरँटॉइनला मुळातच दाद देत नाही, क्लेब्सिएला अँपिसिलिनला देत नाही, एंटेरोकोकसवर सेफॅलोस्पोरिन चालत नाहीत. रुग्णाने आयुष्यात एकही गोळी खाल्ली नसती तरी हे असेच आले असते.

रिपोर्ट तपासायलाही याचा उपयोग होतो. प्रोटिअसपुढे नायट्रोफ्युरँटॉइन एस छापले असेल, तर जंतूचे नाव तरी चुकले आहे किंवा चाचणी तरी. एंटेरोकोकसच्या रिपोर्टात सेफ्ट्रियाक्झोन एस दिसले, तर ते औषध तिथे तपासायलाच नको होते. क्लेब्सिएलापुढे फॉस्फोमायसिन एस असेल तर तोही जपून वाचावा. सीएलएसआयची गोळी-पुडीसाठीची रेषा ई. कोलायवर ठरवली आहे, आणि क्लेब्सिएलाकडे बहुधा हे औषध निकामी करणारे जनुक असते. कोलिस्टिनपुढे एस छापलेला दिसला, तर कोष्टक जुने आहे असे समजावे. २०२०पासून सीएलएसआयने ई. कोलायच्या गटासाठी कोलिस्टिनचा एस हा वर्गच काढून टाकला, आणि ते कागदी चकतीने तपासणे तर मुळातच विश्वासार्ह नाही. असे काही आढळले की प्रयोगशाळेला फोन करून विचारावे. नीट काम करणारा माणूस त्याचा राग मानत नाही, प्लेट पुन्हा काढून बघतो.

*

‘आय’ म्हणजे इंटरमिजिएट, अधलेमधले. जुन्या सवयीने डॉक्टर ते आरमध्येच जमा धरतात. युरोपच्या युकास्ट समितीने २०१९मध्ये त्याची व्याख्याच बदलली : संवेदनशील, पण औषध जास्त मिळाले तर. जास्त म्हणजे मात्रा वाढवून, किंवा ते औषध त्या जागी आपोआपच साठत असेल तर. लघवीत साठणाऱ्या औषधांसाठी हे महत्त्वाचे आहे. मूत्राशयाच्या साध्या त्रासात आय आलेले औषध पुष्कळदा काम करून जाते. म्हणून सेफिक्झिमपुढे आर आला असताना रुग्ण “त्याच गोळीने मला बरं वाटलं” म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. लघवीतली मात्रा रेषेच्या हिशेबापेक्षा मोठी असू शकते, शिवाय असे काही आजार आपले आपणही ओसरतात. उलटही घडते. एस असलेले औषध चालू असताना तिसऱ्या दिवशीही ताप उतरत नसेल, तर यादीतले पुढचे औषध शोधण्याआधी सोनोग्राफी करावी. खडा अडकला असेल किंवा लघवी तुंबली असेल, तर कुठलाही एस पुरा पडत नाही.

*

काही प्रयोगशाळा वीस-बावीस नावे छापतात, काही आठच. कमी नावांचा रिपोर्ट कच्चा, असा समज आहे. तो मला पटत नाही. साध्या औषधांना जंतू दाद देत असेल तर मेरोपेनेम, कोलिस्टिन तपासूनही छापायचे नाही, अशी एक मान्य पद्धत आहे. छापले की ते दिले जाते, हा अनुभव सगळ्यांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले : सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखीव. नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात, मेरोपेनेम दुसऱ्यात, कोलिस्टिन तिसऱ्यात. छापील रिपोर्टात नावे या क्रमाने आली तरी पुष्कळ फरक पडेल. अकारविल्हे यादीत अमिकासिन सर्वांत वर दिसते आणि वाचणाऱ्याचे बोट तिथेच थांबते.

*

वृद्ध माणसाला काही त्रास नाही, नेहमीची तपासणी म्हणून कल्चर लावले आणि लाखावर ई. कोलाय आला. यादी समोर आहे, दहा एस आहेत. तरीही यातले काही द्यायचे नाही. उतारवयात, मधुमेहात, आणि कायमची लघवीची नळी असलेल्यांत तर जवळजवळ नेहमीच, जंतू त्रास न देता राहतात. त्यांना औषध देऊन मारले तर काही आठवड्यांत दुसरे येतात, आणि ते बहुधा आधीच्यापेक्षा जास्त औषधांना न जुमानणारे असतात. लघवी गढूळ आहे, वास येतो, एवढ्यावर कल्चर पाठवू नये. गरोदर बाईचे मात्र वेगळे. तिला काही होत नसले तरी उपचार करायचे, कारण तिच्यात जंतू वर मूत्रपिंडात चढण्याचा धोका मोठा असतो. आणि मूत्रमार्गात दुर्बीण घालून रक्त निघेल अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तिच्याआधी.

*

रिपोर्ट जपून ठेवावेत. “मला सिप्रो रेझिस्टंट आहे” असे लोक आयुष्यभर सांगत राहतात, पण रेझिस्टंट झाला तो त्या वेळचा जंतू. तीन वर्षांनी आलेला जंतू दुसरा असू शकतो. गेल्या काही महिन्यांतला रिपोर्ट मात्र फार कामाचा. नवे कल्चर यायला दोन-तीन दिवस लागतात, एक दिवस जंतू उगवायला आणि एक त्याच्यावर औषधे तपासायला. तोवर कुठली गोळी सुरू करायची हे डॉक्टर जुन्या कागदावरून ठरवू शकतात. त्यावर एक गोष्ट पेनाने लिहून ठेवावी, कारण ती प्रयोगशाळा कधीच छापत नाही : शेवटी कोणते औषध घेतले, आणि उतार पडला का.

अठ्ठावन्न वर्षांच्या त्या बाईंच्या मुलाने आठवड्याने पुन्हा फोन केला. जळजळ पूर्ण थांबली होती, आता जंतू गेला का हे पाहायला कल्चर कधी लावू, असे विचारत होता. लावू नका, असे मी सांगितले. त्रास नसलेल्या आणि गरोदर नसलेल्या बाईला त्याची गरज नसते. पुन्हा जळजळ झाली किंवा ताप आला, तर पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या, आणि येताना हा कागद घेऊन या.